तिसरं कोण?

माझी आत्या बालवर्गात शिकवते. तिच्या टेबलावर लाकडी प्राण्यांची एक रांग असते आणि रांगेच्या तोंडाशी पाण्याचा निळा वाडगा. प्राणी पाणी प्यायला निघालेत. वाडग्याजवळचा पहिला, त्याच्या मागचा दुसरा, आणि असं करत अगदी शेपटाला दहावा. मोजायला सुरुवात कुठून करायची, हे वाडगा सांगतो.

आत्याचा एक हट्ट होता. रांग रोज मोडायची आणि नव्याने लावायची. काल पहिला असलेला हत्ती आज सहावा, तर उद्या नववा. पोरं वैतागायची.

"बाई, हत्ती मागे का गेला?"

"त्याला उठायला उशीर झाला. आता सांग, पहिलं कोण?"

मूल वाडग्यापासून बोट ठेवत ठेवत जायचं. मुलं चुकायची आणि पुन्हा मोजायची. आत्या म्हणायची, "नंबर जागेचा असतो रे, हत्तीचा नाही."

तिच्या हाताखाली एक तरुण शिक्षिका होती. सगळे तिला धाकटी म्हणायचे आणि ती आत्याला मोठ्या बाई. शिकवायचं कसं ते आत्यानेच तिला शिकवलं होतं. डबा दोघी मिळून खायच्या. धाकटीचं लग्न मोडलं तेव्हा ती आत्याकडेच राहायला आली होती.

त्या वर्षी मोठ्या गटाची मुख्य बाई निवृत्त होणार होती. ती जागा आत्याला हवी होती. इतकी वर्षं ती तिचीच वाट बघत होती. नव्या मुख्याध्यापिका वर्गात बसून धडा बघणार आणि मग ठरवणार, असं झालं. नेमकी त्याच सुमारास माझी आजी घसरून पडली आणि आत्याला रजा घ्यावी लागली.

"रांग रोज बदलतेस ना गं?" ती फोनवर धाकटीला विचारायची.

"बदलते हो, मोठ्या बाई. तुम्ही आईंकडे बघा."

आत्या परतली, ती थेट धड्याच्याच दिवशी. मुख्याध्यापिका मागच्या छोट्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसल्या. आत्याने प्राणी गोळा करून मिसळले आणि नवी रांग लावली. वाडग्याजवळ बेडूक, मग गाय, मग ससा, आणि शेपटाला हत्ती.

"सांगा बरं, तिसरं कोण?"

"गाय!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. एकाही मुलाने बोट पुढे केलं नव्हतं.

आत्याला वाटलं, गडबडीत बोलली असतील. "नीट मोजा. दहावं कोण?"

"मुंगी!"

मुंगी तर मध्येच कुठेतरी उभी होती. आत्याने एका मुलीला पुढे बोलावलं आणि तिचं बोट वाडग्यावर ठेवलं. मुलगी रांगेकडे बघत राहिली आणि रडायला लागली. "पण मुंगी दहावीच असते!"

मुख्याध्यापिका उठल्या. "मुलांना काहीच येत नाही का?"

"येतं ना, मॅडम," धाकटी म्हणाली. "मोठ्या बाईंची पद्धत जरा अवघड आहे, मुलं गोंधळतात. मी दाखवू?"

तिने भराभर प्राणी उचलले आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावले. हत्ती, घोडा, गाय, कुत्रा, मांजर, ससा, बदक, कासव, बेडूक, मुंगी. एकदाही थांबून विचार केला नाही. हाताला सवय होती.

"तिसरं कोण?"

"गाय!"

"सातवं?"

"बदक!"

मघाशी रडणारी मुलगीही ओरडत होती. मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याला तेव्हा सगळं कळलं. ती नव्हती तेव्हा रोज हीच रांग लागली होती. पोरांनी मोजणं सोडून प्राणी पाठ केले होते. एकदा घोडा आणि बदक यांच्या जागा बदलल्या असत्या तर मुख्याध्यापिकांनाही दिसलं असतं. तिने हात पुढे केलाही. पण ती मुलगी आत्ता कुठे हसत होती. आत्याने हात मागे घेतला.

मग कपाटाआड तिने विचारलं, "रोज बदलते म्हणायचीस."

"मुलं चुकायची हो, वेळ लागायचा. आणि मॅडमना तर बरोबर उत्तरंच ऐकायची होती ना."

"मला आधी सांगायचंस. मिसळल्यावर काय होणार ते तुला माहीत होतं."

धाकटी खिळ्याला अडकवलेला टॉवेल सरळ करत राहिली. "मला पण ती जागा हवी होती, मोठ्या बाई."

मोठा गट धाकटीला मिळाला, प्राण्यांची रांगही तिच्याबरोबर तिकडे गेली आणि आत्या तिची मदतनीस झाली. आत्याने घरी सांगितलं ते एका वाक्यात. आजीने काही विचारायच्या आत ती भांडी घासायला उठली.

मग एका सकाळी एक मुलगा तिच्याजवळ आला. त्याच्या मुठीत बदक होतं. "बाई, हे वाडग्याजवळ ठेवलं तर कितवं होईल?"

आत्याचा चेहरा उजळला. ती टेबलाकडे वळली. "तूच मोज बघू. बोट ठेव."

"राहू द्या ना," धाकटी फळ्याजवळून म्हणाली. आवाज गोडच होता. "रांग बिघडेल. आता माझा वर्ग आहे."

आत्याने मुलाच्या मुठीतून बदक सोडवून घेतलं आणि ससा आणि कासव यांच्या मधे परत ठेवलं.