ज्या अभिप्रायांत जनावर नव्हतं

मार्चअखेरचा सोमवार, दुपारी दोन. समाजमंदिर. हजर: बचत गटाच्या अध्यक्षबाई, सचिव म्हणून मी, सात सदस्य. गैरहजर: एक, अध्यक्षबाईंची धाकटी जाऊ. कारण: मोहफुलं वेचायला. एवढं लिहून मी पुढचा विषय घेतला.

विषय होता जनावर पळवणारा सोलर भोंगा. समोर काही हललं की दिवा लागतो, भोंगा वाजतो. मोहफुलं पहाटे पडतात आणि अस्वलालाही ती आवडतात. वाघ तर आमच्या सावली तालुक्याला नवा नाही. म्हणून आम्ही टोळीनं जातो. एक बाई काही न वेचता काठी घेऊन नुसती पहारा देते. भोंगा घेतला तर पहारा बंद, जिनं तिनं आपापल्या झाडाखाली जावं, असा ठराव होता.

अध्यक्षबाईंनी खरेदीच्या साइटवरचं भोंग्याचं पान उघडून मोबाईल माझ्याकडे दिला. "पाहा, कितीक लोकायनं चांगलं लिहिलं. आपल्या ठरावाले इतके अंगठे कधी मिळाले काय?"

तिथले अभिप्राय म्हणजे खऱ्या माणसांचे अंगठेच, असं आम्ही सगळ्या समजत होतो.

मी वाचत गेले. चौथ्या अभिप्रायाला एक म्हातारी सदस्य म्हणाली, "आता पॅकिंगची तक्रार येईल पाहा."

आली. सगळ्या हसल्या.

मी वहीत रकाने आखले: कोणतं जनावर, कुठलं शेत, किती दिवस वापरला, काय बिघडलं. वीस अभिप्राय झाले, रकाने कोरेच. नावं वेगळी, पण प्रत्येकाची सुरुवात 'शेतकरी म्हणून मी बऱ्याच दिवसांपासून', मग 'दर्जा उत्तम', मग पॅकिंग, शेवटी 'नक्की घ्या'. त्याच साइटवर मिक्सर उघडला. 'गृहिणी म्हणून मी बऱ्याच दिवसांपासून', आणि पुढचा क्रम तोच.

भोंग्याच्या पानावर अगदी खाली एकच तारा दिलेला एक अभिप्राय होता: 'ढगाळ हवेत चार्ज होत नाही. तिसऱ्या रात्री डुकरं याच्यासमोरच धान खाऊन गेली.'

"हे माणसानं लिहिलं," म्हातारी म्हणाली. "अन् बाकीचं?"

मी म्हणाले, "मशीनकडून लिहून घेतलं असन. पक्कं नाई सांगता येत. पण यायच्या भरोशावर पहारा नाई सोडाचा."

अध्यक्षबाई मोबाईलकडे पाहत राहिल्या.

"काऊन, काय झालं बाई?" मी विचारलं.

"माह्या जाऊनं मागवला ना एक. मीच तिले हे सारं वाचून दाखवलं. नाल्यापलीकडच्या झाडाले टांगला. चार दिवसापासून तिथीच मुक्काम, एकटीच वेचून राह्यली."

फोन लावला. लागला नाही, नाल्यापलीकडे टॉवर नाही. दोन दिवसांपासून आभाळ ढगाळ होतं.

मी वहीत लिहिलं. ठराव: नामंजूर, झालं. पहारा: चालू, झालं. तिसरी ओळ, जावेला दिवस मावळायच्या आत परत आणणे. तिच्यापुढे 'झालं' न लिहिता जागा मोकळी ठेवून मी विचारलं, "काठ्या कोणाकोणाकडे आहेत?"