मामाच्या मेलमधलं रॉकेट

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही अजून दुसऱ्याच वर्षाला आहे. मेल कसा लिहावा हे सांगायचा मला काहीच हक्क नाही, कारण मी एक मेल बिघडवलेला आहे. तेवढंच सांगतो. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

मी सणसरचा. कॉलेजसाठी बारामतीत मामाकडे राहायचो. औद्योगिक वसाहतीत मामाचं छोटं वर्कशॉप होतं. धातू कातायची एक लेथ, एक ड्रिल, दोन कामगार. डेअरीचे पाइप एकमेकांना जोडायला लागणारी स्टेनलेसची कपलिंगं तो बनवायचा. सगळं काम एकाच डेअरीचं होतं. त्यांनी माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मामाने स्वतःलाच मुदत घातली. दिवाळीपर्यंत नवा ग्राहक मिळाला नाही, तर वर्कशॉप बंद.

पूर्वी काम हवं असलं की तो पिशवीत दोन नमुने टाकून एखाद्या डेअरीच्या गेटवर जायचा. आता कुठलाच वॉचमन आत सोडत नव्हता. "मेल टाका," एवढंच म्हणायचा. मामाला मेल जमत नव्हता. मी म्हणालो, मी लिहितो.

"चार वळी लिही," मामा म्हणाला. "आमी कोण, काय बनवतो, नमुना घिऊन कधी येऊ. बास."

मला ते फार कोरडं वाटलं. मी मोबाइलवर मार्केटिंगचे व्हिडिओ पाहिले होते. विषयाच्या ओळीत रॉकेटचं चित्र टाकलं. खाली आठ मुद्दे, प्रत्येकाआधी हिरवी बरोबरची खूण. मजकूर आधी व्हॉट्सॲपवर लिहिला होता. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) दिली की तो ठळक होतो. तोच मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला.

मामाने चष्मा लावून बघितलं. "आरं, कपलिंग इकायचंय का जत्रंत पाळणा लावायचाय?"

"मामा, आता असंच लिहितात. लोक वाचत नाहीत, नुसती नजर टाकतात."

"व्हय? मग टाक. तू शिकलेला हायेस."

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

चाळीस डेअऱ्यांना मेल गेले. दीड महिना एकाचंही उत्तर नाही. मी मोबाइल बघत बसलो की मामी विचारायची, "काय रं, रॉकेट अजून वरच हाय का?" आम्ही हसायचो. मग एक कामगार दुसरीकडे लागला आणि मामीने विचारणं सोडलं.

शेवटी मामा स्टूल ओढून माझ्याशेजारी बसला आणि सांगत गेला. मी ते साध्या इंग्रजीत लिहीत गेलो. "मापं तेवढी एकाखाली एक लिही, त्यास्नी बघाया बरं," तो म्हणाला. म्हणून तीनच मुद्दे घातले: माप, धातू, किती दिवसांत देऊ. बाकी चार वाक्यं, शेवटी भेटीची वेळ विचारली आणि खाली मामाचं नाव व नंबर. त्याच चाळिसांपैकी बारा जणांना ते पाठवलं.

तिसऱ्या दिवशी एका डेअरीच्या खरेदी अधिकाऱ्याचं उत्तर आलं, 'फोन करा.' मामा जेवायला गेला होता. मीच फोन केला.

"मागंही तुमचा मेल आला होता ना?" ते म्हणाले. "रॉकेटवाला. जाहिरात समजून मी पुसून टाकला."

"सर, त्यातही कपलिंगचंच लिहिलं होतं."

"असेल. मला वाटलं, हजार जणांना गेलाय. आणि ठळक काहीच दिसत नव्हतं, नुसत्या चांदण्या. तेव्हा आम्ही कपलिंगच शोधत होतो. वर्षाची ऑर्डर गेल्या आठवड्यात दिली."

मी चाचरत विचारलं, "मुद्दे घालायलाच नको होते का?"

"आताच्या मेलमध्ये आहेत की तीन. ते मला लागतात. आठच्या आठ मुद्दे महत्त्वाचे म्हटल्यावर मी बघू कशाकडं?"

मामा परत आला तेव्हा मी एवढंच सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू म्हणाले." रॉकेटवाल्या मेलचं सांगितलं नाही.

"बरं," मामा म्हणाला आणि लेथ पुसायला लागला. इतर अकरांचं काहीच आलं नाही.

परीक्षा संपवून मी दिवाळीला सणसरला गेलो. रोज वाटायचं, आज मामाला खरं सांगावं. भाऊबीजेनंतर मामीचाच फोन आला.

"लेथ दिली रं. काल टेम्पोत चढवली. मामा इंदापूरला कामाला लागलं, दुसऱ्याच्या लेथवर."

मला राहवलं नाही. "मामी, तो पहिला मेल… माझ्यामुळं झालं हे."

"त्यास्नी म्हाईत हाय," मामी म्हणाली. "तू फोन केलास त्या डेअरीच्या सायबानं दुसऱ्याच दिवशी ह्यांना फोन केलता. समदं सांगितलं. हे मला म्हनलं, पोराला काय बोलू नगंस, त्याची परीक्षा हाय."