आईचं नाव काढ

चहा निवला तरी चालेल, पण मध्ये बोलू नका. हा मूर्खपणा मी पहिल्यांदाच सलग सांगतो आहे. मध्येच कोणी 'अरेरे' म्हटलं, तर पुढचं सांगायचं राहून जाईल.

तर आमची मिनू. माझी नात, वय वर्षं सहा, पहिलीत, मला आबाजी म्हणते. दारव्ह्यात आम्ही चौघं राहतो. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये, पहाटेच निघतो. सून वैशाली बोरी अरबच्या पुढे एका खेड्यात नर्स आहे, सकाळी नऊच्या जीपनं जाते. उरलो मी आणि मिनू. आधी आम्ही पाच होतो. माझी बायको दिवाळीआधी गेली. यवतमाळला दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही.

दहा वाजता मिनूला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे. मी ते मोठ्या थाटात करत असे. शाळेच्या फाटकाशी तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "जा बेटा, आईचं नाव काढ!" शेजारचे लोक कौतुकानं बघत. मलाही बरं वाटे. पेन्शनीत असं वाटायच्या जागा कमीच.

फेब्रुवारीत मिनूचं पोट दुखायला लागलं.

कसं दुखे? सकाळी सातला सुरू. नऊला आई चप्पल घालू लागली की जोरात. दहाला रडं आणि ओकारी. साडेदहाला शाळेची घंटा झाली आणि आता काही आपल्याला नेत नाहीत याची खात्री पटली, की अकरापर्यंत साफ! मग वरणभात मागायची. रविवारी तर दुखणंच नाही. रविवारी सुट्टी घेणारं दुखणं मी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. मी लगेच निकाल दिला: "नाटक आहे."

"मामाजी, तिचे हात गार पडून राह्यले," वैशाली म्हणाली. "नाटकानं हात गार पडते का?"

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली. काही नाही. म्हणाले, "दुखणं खरं आहे. मुलांची भीती पोटात उतरते. कशाची भीती आहे ते शोधा."

शोधा! हे माझ्यासारख्या माणसाला सांगायचं नसतं.

मुलांच्या भीतीवरचं एक जाड पुस्तक मी वाचनालयातून आणलं आणि दोन दिवसांत संपवलं. त्यात लिहिलेलं सगळं मिनूनं वेळच्या वेळी केलेलं होतं, फक्त आम्हाला ते कळलं नव्हतं. आठ महिन्यांची असताना ती माझ्या सख्ख्या भावाला पाहून किंचाळली होती. भाऊ रागावून जेवला नाही. पुस्तक म्हणतं, त्या वयात मूल ओळखीचा चेहरा वेगळा काढायला शिकतं, म्हणून परका चेहरा भिववतो. दीड वर्षाची असताना आजी मोरीत गेली तरी दाराशी आकांत. डोळ्याआड गेलेलं माणूस परत येतं, हे कळलेलं असतं पण त्यावर विश्वास बसलेला नसतो. दोन-अडीचला कुकरच्या शिटीला घाबरे. चौथ्या वर्षी गव्हाच्या कोठीमागे कोणीतरी राहायला आलं. त्या वयात कल्पना जोरात असते आणि खरं-खोटं वेगळं करायची चाळणी अजून मोठ्या भोकांची असते. तो कोठीमागचा माणूस, खरं सांगायचं तर, मीच आणला होता. "जेवली नाहीस तर बुवा येईल," असं मी म्हणत असे.

पुढच्या पानावर शाळा होती. बाईंची भीती. मी पुस्तक मिटलं आणि थेट शाळेत गेलो.

"तुम्ही मुलांवर ओरडता का?" मी बाईंना विचारलं.

बाई पोरसवदा होत्या, घाबरल्याच. "नाही जी आजोबा! मिनू तर माही लाडकी आहे. ज्या दिवशी शाळेत येते त्या दिवशी एकदम छान राहते. पण डबा खाल्ला की सारखी विचारते, शाळा कधी सुटते, आई आली असन का घरी."

आता यात सगळं उत्तर होतं की नाही? होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. मला मात्र पुस्तकातलं त्यापुढचं पान आठवत होतं. तिथे होतं: सोबत्यांची भीती. चारचौघांत हसं होण्याची भीती. बस, सापडलं!

मी वर्गात शिरलो. तीस पोरं उभी राहिली. मी भारदस्त आवाजात विचारलं, "आमच्या मिनूला कोण हसतं रे?"



"कोणीच नाही जी," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"मग ती रोज सकाळी रडते कायले?"

"रोज रडते?" मागून एक आवाज. "मिनू रोज रडते व्हय?"

आणि तीसच्या तीस पोरं हसली. तोपर्यंत त्यांना माहीतच नव्हतं. मी जाऊन, स्वखर्चानं, कळवून आलो.

संध्याकाळपर्यंत ते गल्लीत पोचलं. मिनू पलंगाखाली जाऊन बसली. "आता सगळे मले रडकी म्हणतीन! मी शाळेत नाही जाणार. कधीच नाही!"

आधी एक भीती होती, आता दोन झाल्या. पैकी एक घरची, माझ्या हातची.

नऊ दिवस पोर घरी. वैशालीनं रजा घेतली, तीही संपत आली. एका दुपारी ती मला म्हणाली, आवाज न चढवता, "मामाजी, मी राजीनामा देतो. पोरगी मले सोडूनच नाही राह्यली. मोरीत गेली तरी दाराशी बसते." मी ऐकलं आणि दीड वर्षाची मिनू आठवली. भीतीत मूल मागे सरकतं, हेही पुस्तकात होतं. मी ते पान भराभर उलटलं होतं.

शेवटी मिनूला घेऊन मी आणि वैशाली यवतमाळला समुपदेशक बाईंकडे गेलो. साधी बाई, टेबलावर खडू आणि कोरे कागद. मी माझा अभ्यास मांडायला घेतला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, चारचौघांत हसं होण्याची भीती सहसा नऊ-दहानंतर जोर धरते. तुम्ही ती लवकरच आणून दिली. सहा-सात वर्षांच्या मुलांना वेगळं काही सतावतं. मेलेलं माणूस परत येत नाही, हे त्यांना साधारण याच वयात कळू लागतं. मग आईबाबाही मरतील का, हा प्रश्न येतो. आणि आपण काही बोललो, काही केलं, म्हणून तसं होईल असंही त्यांना वाटत असतं. तुम्ही कोपऱ्यात बसा. बोलू नका."

मिनूनं घर काढलं. दारात आई. आईच्या बाजूला एक चौकोन, त्यात आडव्या रेघा.

"हे काय आहे, बेटा?"

"कार्ड."

"कशाचं?"

"राशनचं. याच्यात नावं असते. आजीचं नाव आबाजीनं काढलं. मंग आजी आलीच नाही."

मी खुर्चीत ताठ झालो.

"आणि शाळेत गेलीस की काय होतं?"

मिनूनं खडू खाली ठेवला. "आईचं नाव निघते."

"कोण काढतं?"

"मीच. आबाजी रोज सांगते, जा, आईचं नाव काढ म्हणून." मग अगदी बारीक आवाजात, "मी नाही काढत. मी वहीत आईचं नाव लिहीतच नाही. पण चुकून निघालं तर?"

 माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

झालं काय होतं ते सांगतो. बायको गेली तेव्हा मिनूला आम्ही 'आजी यवतमाळला आहे' असं सांगितलं. मेली, वारली हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. मीही नाही. महिन्याभरानं मी तहसिलात जाऊन कार्डावरचं नाव कमी करून आणलं आणि घरात येऊन म्हणालो, "तिचं नाव काढलं." आणि त्या दिवशी वैशाली रडली. पोरीनं आपल्या परीनं हिशेब लावला: नाव काढलं की माणूस येत नाही. त्यावर मी रोज सकाळी, डोक्यावर हात ठेवून, तिला आईचं नाव काढायला पाठवत होतो!

समुपदेशक बाईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या. आजीबद्दल खरं आणि सरळ शब्दांत सांगा, गावाला गेली, झोपली असं काही नाही. आईनं मुकाट्यानं सटकायचं नाही, निरोप घेऊनच जायचं, आणि परत केव्हा येणार ते घड्याळात नको, तिच्या दिवसात सांगायचं: डबा, मग खेळ, मग शेवटची घंटा, मग आई. आणि शाळा एकदम नको. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग एक तास, मग डब्यापर्यंत. घरी ठेवलं तर आज सुटका होते, पण उद्याची भीती दुप्पट होते.

पहिली गोष्ट माझ्या वाट्याची होती. दुपारी तिला ओट्यावर बसवलं.

"मिनू, आजी मेली. तिचं हृदय खूप आजारी होतं, ते बंद पडलं. ती परत येणार नाही."

ती बराच वेळ पायानं फरशी घासत राहिली. "तुम्ही नाव काढलं म्हणून?"

"नाही. आधी ती मेली. मग नाव काढलं. नाव काढल्यानं कोणी मरत नाही."

"आधी मेली, हे मंग आधी काहून नाही सांगतलं?"

  मी म्हणालो, "मले भीती वाटत होती." ती माझ्याजवळ सरकली आणि आम्ही दोघंही रडलो. पाच महिन्यांत मी पहिल्यांदा.

'आईचं नाव काढ' याचा खरा अर्थही समजावला. आईला तुझा अभिमान वाटावा असं वाग. ती म्हणाली, "मंग तसंच म्हणायचं ना."

उरलेल्या रजेत वैशालीनं तिला आधी फाटकापर्यंत, मग तासभर, मग डब्यापर्यंत नेलं, आणि सोमवारी पूर्ण दिवसासाठी आम्ही तिघं निघालो. वैशालीनं मला दरडावून ठेवलं होतं, "मामाजी, फाटकावर भाषण नाही. लांबड लावली की ती घाबरते. एक शब्द म्हणा आन् निघा." वर्गातल्या बाईंनी 'रडकी'वर आधीच बंदी घातली होती. वैशालीनं मिनूला जवळ घेतलं, "डबा, खेळ, शेवटची घंटा, मग मी," म्हणाली आणि त्या दिवसापुरत्या उशिराच्या जीपकडे गेली. मिनूचा हात गार होता, पण तो तिनं स्वतःच सोडवला.

आता मी. जपून, मोजून, रात्रभर ठरवलेला एकच शब्द मी उच्चारला.

"जा."

मिनू जागच्या जागी थांबली.  फाटकाशी उभ्या बाईंनी कपाळावर हात मारला.

"आबाजी," ती मोठ्या कष्टानं म्हणाली, "'जा' नाही म्हणत. 'जाऊन ये' म्हणत."

"जाऊन ये," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि आत गेली.

एकतीस वर्षं सरकारी नोकरीत मी लोकांचे अर्ज 'त्रुटी आहेत' असा शेरा मारून परत पाठवले. माझा एका शब्दाचा मसुदा पहिलीतल्या पोरीनं परत पाठवला, आणि घरच्यांचं म्हणणं असं, की एवढी योग्य त्रुटी त्या एकतीस वर्षांत मी एकदाही काढली नव्हती.