सत्यशीलावहिनीच्या मेसचा पाचवा रकाना

दादानं गाळ्याच्या मालकाला परस्पर शब्द देऊन टाकला होता: एक तारखेला मेस बंद, किल्ली हातात. माझा सख्खा भाऊ हाय म्हणून सांगते, रविराज म्हणजे आधी बोलणार, मग डोकं चालवणार.

मेस वहिनीची, सत्यशीलाची. बेलापुरात चौकाजवळच्या गाळ्यात ती कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या, बाहेरगावच्या माणसांना डबे देते. पहाटे उठून भाकरी थापते, तरी खात्यात शिल्लक राहत न्हाई. दादा म्हणायचा, “तुझा नुसता शौक हाय. घाट्याचा धंदा.” ती ऐकून घ्यायची. त्या दिवशी मात्र माझ्याकडे आली नि म्हणाली, “निकिता, हा धंदा खरंच घाट्यात असंल तर माज्या हातानं कुलूप लावते. पन कळू तर दे.”

मी श्रीरामपुरात कर सल्लागाराकडं कामाला. असले हिशेब माझ्या रोजच्या पोटापाण्याचे. मेसचं पासबुक तिनं कधी भरून घेतलेलं नव्हतं, पण बँकेचा एकही मेसेज पुसला नव्हता. मी ते सगळे फोनमधून काढून माझ्या लॅपटॉपवर घेतले. ओटीपी नि कर्जाच्या जाहिराती गाळल्या. उरलेल्यांचे चार रकाने: तारीख, रक्कम, जमा की खर्च, नि समोरचं नाव. सूत्र लावलं, भराभर ओळी भरल्या. जमेची बेरीज बघून मी टाळीच वाजवली.

“वहिनी, तू तर श्रीमंत निघालीस!”

ती स्क्रीनकडं बघत राहिली. “अगं एवढं असतं तर फाटक्या चपलेला खिळा कशाला मारला असता मी?”

अगं बाई! माझा नूरच उतरला. सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च करून बघितलं, तर शेवटच्या मेसेजातल्या शिल्लकेशी काही जुळेना. मालकाला दिलेला दिवस जवळ आलेला, दादा दर घटकेला दारात डोकावून जायचा. “काय झालं गं? किती वेळ?”

मग एक मेसेज अक्षर न अक्षर वाचला. ‘तुमच्या खात्यातून अमुक डेबिट, सविता क्रेडिट.’ माझं सूत्र क्रेडिट शब्द दिसला की डोळे झाकून जमा लिहीत होतं. सविताच्या खात्यात गेलेले पैसे मी वहिनीच्या पदरात घातले होते! आता सूत्र बदललं: आपल्या खात्याबद्दल काय म्हटलंय, तेवढंच बघायचं. या वेळी बेरीज जुळली. पण शिल्लक तीच, जेमतेम.

वहिनीचा चेहरा पडला. “म्हंजे तेच म्हनत्यात ते खरं.”

“थांब. ही सविता कोण?”

“किराणावाला. क्यूआर बायकोच्या नावावर हाय त्याचा.”

“खुर्शीद?”

“भाजीवाल्याचा भाऊ.”

“लंकाबाई?”

“तुजा दादा पान खातो ती टपरी. टपरीवाल्याच्या आईचं नाव ते.”

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. मी पाचवा रकाना काढला: मेसचं की घरचं. एकेक नाव विचारत गेले. डब्यांचं धान्य, भाजी, गॅस, गाळ्याचं भाडं मेसचं. पोरांची फी, दादाच्या मोटारसायकलचा हप्ता, पेट्रोल, विजेचं बिल, आमच्या आईची औषधं, ते सगळं घरचं. दादाचा टेम्पो स्वतःचंच डिझेल नि दुरुस्ती कसाबसा भागवतो, हे मला ठाऊक होतं. बाकीचं घर कुठून चालतं, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही न्हाई.

दोन बेरजा वेगळ्या झाल्या. मेसला चांगला नफा होता. तो सगळाच्या सगळा घरात मुरत होता.

तेवढ्यात दादा आत आला. “झालं का? सांगितलं हुतं ना, घाटा हाय!”

मी तोंड उघडणार, तर वहिनीनंच लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. “व्हय, मेस बंद करू. एक तारखेपासून हे ‘घरचं’ लिहिलंय ते तेवढं तुमी भरा.”

दादा वाचत राहिला. हप्त्यावर बोट थांबलं, मग आईच्या औषधांवर. “हे... हे समदं मेसच्या पैशातनं जात हुतं?”

“माज्या फोनवरून तुमीच तर भरायचा!” वहिनी रडायलाच लागली, रागानं. “अन् मी मेली इतकी वर्सं समजत हुते, मी तुमच्या जिवावर जगतेय म्हनून!”

उभ्यानंच दादानं गाळ्याच्या मालकाला फोन लावला.

“न्हाई, गाळा सोडत न्हाई. माजं चुकलं,” तो म्हणाला. “अन् इथून पुढं मला इचारू नका. तो गाळा तिचा हाय, तिला इचारा.” नि फोन त्यानं वहिनीच्या हातात दिला.