मुलीकडून घेतलेले साडेतीन लाख

ओंकारमल जांगिडांच्या हातचा दरवाजा फुगत नाही आणि कुरकुरतही नाही, हे राजस्थानातल्या आमच्या चिडाव्यात कुणीही सांगेल. हिशेबाच्या बाबतीतही माणूस तसाच सरळ. त्यामुळे आयकर खात्याची नोटीस त्यांच्या कारखान्यात आली तेव्हा पोस्टमनलाच वाटलं की पत्ता चुकला असावा.

पत्ता बरोबर होता. तीन वर्षांपूर्वी ओंकारमलनी एका शाळेच्या बाकांचं मोठं काम घेतलं होतं. लाकडाच्या व्यापाऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे होते आणि बँकेनं कर्जाची मर्यादा वाढवून द्यायला नकार दिला होता. तेव्हा त्यांनी साडेतीन लाख रोख उसने घेतले, आपल्या खात्यात भरले आणि व्यापाऱ्याला चेक दिला. पुढे त्यांच्या विवरणपत्राची छाननी झाली. एवढी रोकड कुठून आली, असं अधिकाऱ्यानं विचारलं. सीए विमल ढंढारियांनी देणाऱ्याचं नाव, पॅन आणि पासबुक सादर केलं. पैसा खरा आहे, हे अधिकाऱ्यानं मान्य केलं. पण वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोख घेता येत नाही. म्हणून प्रकरण सहआयुक्तांकडे गेलं आणि तिथून ही नोटीस निघाली: घेतलं तेवढ्याच रकमेचा दंड का लावू नये, ते कळवा.

ढंढारियांनी त्यांना समोर बसवून एकेक प्रश्न विचारला. घरात कुणी आजारी होतं? नाही. बँक बंद होती? नाही, आपली बँक तर रस्त्यापलीकडेच आहे. देणाऱ्याला खात्यातून पाठवता येत नव्हतं? येत होतं, खातं तर सरकारी पगाराचं.

"मग रोख का घेतले, ताऊजी? काहीतरी कारण असेलच ना. सबळ कारण असेल तर दंड माफ होतो. नाहीतर साडेतीन लाख भरा."

ओंकारमल म्हणाले की भरतो, रंधा मशीन विकतो.

"अहो, ती विकल्यावर करणार काय? हातानं रंधा मारणार का या वयात?"

"पण मुलीचं नाव आता आणखी कुठे यायला नको."

हाच खरा गुंता होता. पैसे सरोजचे होते. सरोज त्यांची धाकटी मुलगी. सुलताना गावात दिलेली, तिथल्या सरकारी शाळेत शिक्षिका. आमच्याकडे आईबाप मुलीच्या सासरचं काही खात-पीत नाहीत. ओंकारमल तर तिच्या गावी गेले की पाण्याची बाटली घरून नेत आणि चहा बसस्टँडवर पीत. अशा माणसानं मुलीचा पैसा घेतला होता. तिनं मुदत ठेव मोडली होती आणि "खात्यात टाकते, बापूजी" असं दोनदा म्हणाली होती. पण बँकेतला प्रत्येकजण ओळखीचा. आपल्या पासबुकात मुलीचं नाव छापून येईल, म्हणून त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. नोटेवर तर कुणाचं नाव नसतं. जावई राजपाल मोटरसायकलवरून पिशवी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

ढंढारियांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की हेच कारण आहे, हेच लिहायचं. पण त्यासाठी सरोजचं प्रतिज्ञापत्र लागेल. पैसे तिचे, तिनं बँकेतून काढले आणि वडिलांनी खात्यात घ्यायला नकार दिला म्हणून रोख दिले, असं तिनं शपथेवर सांगायला हवं.

ओंकारमल स्वतः सुलतान्याला गेले. फोनवर सांगायची हिंमत होईना. अंगणात खाटेवर सरोजचे सासरे हरफूलजी बसलेले. सरोजनं ठेव मोडल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, निदान ओंकारमलना तसं वाटत होतं. ते चाचरत बोलायला लागले. हरफूलजींनी चिलीम बाजूला ठेवली.

"व्याही, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सूनबाई विचारल्याशिवाय ठेव मोडेल का?" मग म्हणाले, "आमच्या घरचं पाणी पीत नाही तुम्ही. आणि साडेतीन लाख पिऊन बसलात."

राजपाल हसला. हरफूलजीही हसले, पण उशिरा. ओंकारमल हसले नाहीत. तीन वर्षं आपण या अंगणात आपली बाटली घेऊन ताठ बसत होतो आणि समोरचा माणूस सगळं जाणून गप्प बसत होता, हे त्यांना आत्ता कळलं. सरोजनं आतून स्टँपपेपरचे पैसे आणले. तेवढे तरी मीच देईन, असं ते इतक्या जोरात म्हणाले की तिनं मुकाट्यानं हात मागे घेतला.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी होती. सहआयुक्त एक बाई होत्या. ढंढारियांनी कागद क्रमानं मांडले: सरोजच्या पासबुकातून रक्कम निघालेली तारीख, दुसऱ्या दिवशी ओंकारमलच्या खात्यात तेवढीच रक्कम जमा, तिसऱ्या दिवशी लाकूडवाल्याचा चेक. सोबत तिचं विवरणपत्र आणि प्रतिज्ञापत्र. बाईंनी सगळं वाचलं, पण प्रश्न मात्र ओंकारमलना विचारला.

"मुलीनं बापाला मदत केली. यात लाजायचं काय आहे?"

ढंढारिया उत्तर द्यायला पुढे झाले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"मॅडम, लाज नसती तर चेकच घेतला असता," ओंकारमल म्हणाले.

"पैसे परत केले?"

"नाही." शाळेचं बिल उशिरा मिळालं, मग दुसरं काम आलं, तिनं कधी मागितले नाहीत, असं बरंच सांगता आलं असतं.

महिन्याभरानं आदेश आला. देणारी व्यक्ती निश्चित आहे, पैशाचा उगम नोंदींवरून दिसतो, कर चुकवण्याचा हेतू नाही आणि रोख घेण्याचं कारण त्या समाजाची रीत पाहता पटण्यासारखं आहे, सबब दंडाची कारवाई बंद करण्यात येते. रंधा मशीन वाचली. ढंढारियांनी पेढे मागवले. ओंकारमलनी आदेशाची घडी खिशात घातली आणि विचारलं की आता तिचे पैसे रोख नेऊन देऊ ना?

ढंढारियांनी कपाळावर हात मारला. "ताऊजी, फेडतानाही तोच नियम आहे. चेकनंच द्या. नाहीतर पुढची नोटीस मी घेणार नाही."

रक्कम जमवायला दिवाळी उजाडली. शाळेच्या दुसऱ्या कामाचे पैसे, थोडं शिल्लक शिसवाचं लाकूड विकून आलेले. मग एका सकाळी ते रस्ता ओलांडून बँकेत गेले आणि रांगेत उभे राहिले. चेकवर 'सरोज' त्यांनी घरीच लिहून आणलं होतं, जाड अक्षरात, दोन रेघांमध्ये 'खात्यात जमा' असं लिहून. खिडकीतल्या बन्सीधरनं चेक उलटसुलट केला, रक्कम वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"वा ओंकारजी, मुलीला साडेतीन लाख. बाप असावा तर असा." मागच्यांना ऐकू जाईल एवढा त्याचा आवाज होता. रांगेतल्या दोघातिघांनी कौतुकानं माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं की मुलगी नशीबवान आहे.

ओंकारमल नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं. बन्सीधरनं शिक्का उचललाही होता.

"देत नाहीये," ते म्हणाले. बन्सीधरला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "देत नाहीये, बन्सी. फेडतोय. तिच्याकडून घेतले होते."

बन्सीधरनं शिक्का मारला आणि पावती सरकवली. ओंकारमल ती घेऊन, कुणाकडे न बघता, बाहेर पडले.