नानाजीनं लिहलेला माहा अर्ज

नानाजी चांगला माणूस आहे हे मले कोणी सांगू नका. बारा सालं झाले, ऐकून राह्यलो. नगर परिषदेच्या फाटकासमोर माह्यं झेरॉक्सचं दुकान, दुकानाच्या टिनाखाली त्याचा बाकडा, आणि येणारा प्रत्येक जण विचारते, "नानाजी आहेत का?" सोमाजी आहे का, असं आजवर एकानं विचारलं नाई. अरे बापा, दुकान कोणाचं आहे?

हा माणूस आधी लाकूड डेपोत चौकीदार होता. शिक्षण सातवी. ट्रकांची नोंद रजिस्टरात चढवता चढवता त्याले सरकारी भाषा आली. मी बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. पण पानठेलेवाला असो की मच्छीवाली बाई, परवाना नूतनीकरणाचा अर्ज लिहायचा म्हटलं की सगळे त्याच्यापुढं जाऊन बसतात. आणि त्याचा तोरा पाहा! आधी जुना परवाना हातात घ्यायचा, चष्मा पुसायचा, वरपासून खालपर्यंत वाचायचा, मंग पेनाचं टोपण काढायचं. अर्ज दोन प्रतीत. लिहून झाला की अर्जदाराले मोठ्यानं वाचून दाखवायचा, तवा कुठी सही. आणि जाताना एकच सांगणं, "दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको."

मी हे रोज पाहत होतो आणि रोज जळत होतो. खोटं काऊन बोलू? माही बायको रंजीता अद्रकाचा चहा पहिले त्याले द्यायची, मले मागून. माहा बाप सुकलू, ज्यानं हे दुकान टाकलं, तोही म्हणायचा, "सोमा, लिखापढी शिकावं त नानाजीकडून." बाप जाऊन दोन सालं झाले, पण ते बोलणं अजून टोचते.

यंदा मार्चात फाटकावर नोटीस लागली. ज्याच्याजवळ चालू परवाना नाई, त्याच्या दुकानाले एक एप्रिलपासून कुलूप. माह्या परवान्याची मुदतही एकतीस मार्चलेच संपत होती. घरात कमाई एवढीच. रंजीता म्हणे, "नानाजीकडून लिहून घ्या न."

माह्यं डोस्कंच फिरलं. माह्याच टिनाखाली बसणाऱ्याकडून माहा अर्ज? लोक काय म्हणतील? मी स्वतः बसलो आणि दोन पानं भरून अर्ज लिहला. "आपल्या तेजस्वी व कर्तव्यदक्ष नेतृत्वाखाली आमच्या शहराचा जो कायापालट होत आहे..." अशी सुरवात. वाचून मीच खूश झालो. भिंतीवरचा फ्रेम केलेला परवाना उतरवला, त्याची झेरॉक्स काढली, अर्जाले टाचली.

तेवढ्यात नानाजीनं हात पुढं केला. "सोमा, जुना परवाना पाहू दे जरा."

"काऊन? मले वाचता येत नाई का?" मी खेकसलो. आणि एकदा तोंड सुटलं त सुटलंच. "अन् उद्यापासून आपला बाकडा दुसरीकडं लावा. गिऱ्हाइकाले उभं राह्याले जागा नाई इथी."

नानाजीनं पेनाले टोपण लावलं, बाकडा उचलला आणि सडकेपलीकडं निकेशच्या दुकानासमोर नेऊन ठेवला. निकेशचंही झेरॉक्सचंच दुकान. मी मनात म्हटलं, जाऊ दे, पीडा गेली.

दुसऱ्या दिवशी नगर परिषदेच्या खिडकीवर गेलो. आत साधना मॅडम. त्यांनी माहे दोन पानं उलटवले, मंग झेरॉक्स पाहली.

"परवाना कोणाच्या नावानं आहे?"

"माह्या."

त्यांनी कागद माह्याकडं फिरवला. परवानाधारकाचं नाव, सुकलू. माहा बाप.

"हे कुठी आहेत?"

"वारले."

"मंग नुसतं नूतनीकरण कसं होईल? आधी परवाना वारसाच्या नावानं करावा लागंल. मृत्यूचा दाखला आणा, बाकी वारसांचं संमतीपत्र आणा, कर भरल्याची पावती जोडा. अन् हे नेतृत्व-बितृत्व काऊन लिहलं भाऊ? परवाना क्रमांक त कुठीच नाई."

मागं रांगेत खी खी झाली. ज्या भिंतीले पाठ लावून मी इतके सालं बसलो, तिच्यावर काय टांगलं आहे ते मी वाचलंच नव्हतं. आता त स्वतःच्या हातानं त्याची झेरॉक्स काढली होती, तरी नाई. लाजेनं मेल्यासारखं झालं.

दोन दिवस नवा अर्ज लिहून पाहला. जमेना. विषयात हस्तांतरण लिहू की नूतनीकरण? बापाचं मरण कोणत्या ओळीत येते? कागदावर कागद फाडले. तिसऱ्या दिवशी रंजीतानं फ्रेम काखेत मारली आणि मले न विचारता सडक ओलांडून गेली.

मी गल्ल्यावरून पाहत होतो. नानाजीनं चष्मा पुसला. परवाना वाचला. तिले काहीतरी विचारलं, ती हासली. माह्यासंगं अशी कधी हासली, आठवत नाई. माह्या अंगाची आग आग झाली. ती परत आली आणि म्हणे, "चिमूरले जा, ह्या संमतीपत्रावर ताराबाईची सही आणा." ताराबाई माही बहीण, आम्ही दोघंच वारस. गेलो बसनं, आणलं संमतीपत्र; मृत्यूचा दाखला अन् कराची पावती घरात होतीच.

रंजीताच्या हातानंच ते सगळं पाठवलं. म्हटलं, आता अर्ज घेऊन ये, सही करतो. ती रिकाम्या हातानं आली. "नानाजी म्हणतात, अर्जदार सोमा आहे, त्याले इथी यावं लागंल. ऐकल्याशिवाय सही नाई."

सडक ओलांडली. चार लोकांसमोर त्या बाकड्यावर बसलो. नानाजीनं वाचाले सुरवात केली. एकच पान. "प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय : परवानाधारकाचे निधन झाल्याने व्यवसाय परवाना वारसाच्या नावे करून नूतनीकरण करून मिळणेबाबत. संदर्भ : परवाना क्रमांक..." मी कान देऊन चूक शोधत होतो. खरं सांगतो, चूकच शोधत होतो. मंग त्यानं वाचलं, "माझे वडील सुकलू यांचे निधन झाले असून त्यांच्या पश्चात सदर दुकान मी स्वतः चालवीत आहे व माझ्या कुटुंबाचा उदरनिर्वाह त्यावरच आहे." बाप गेल्यावर हे दुकान मी चालवतो, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. सही वाकडी झाली.

"पोच घेजो," तो म्हणाला, जसा सगळ्यांले म्हणते.

अर्ज एकोणतीस मार्चले दाखल झाला. एक एप्रिलले कुलूप घेऊन पथक आलं, तवा पोचेच्या तेवढ्या शिक्क्यावर दुकान वाचलं. मे महिन्यात माह्या नावाचा परवाना हातात आला. फ्रेम केला, टांगला आणि पलीकडं गेलो.

"नानाजी, बाकडा आणा न आपल्याइथी."

त्यानं वर पाहलं. राग नव्हता तोंडावर. असता त बरं झालं असतं. "निकेशनं पंखा लावून देल्ला रे," तो म्हणाला, "अन् लोकांले आता इथलीच सवय झाली. राहू दे."

परत येऊन बसलो. मशीन थंड होती. अर्जासंगं लागणाऱ्या झेरॉक्सा आता समोर निघतात, हे मले त्या दिवशी उमगलं. भिंतीवर माह्यं नाव होतं, दुकानात कोणी नव्हतं. दुपारी एक मच्छीवाली बाई पायरी चढून आली, हातात जुना परवाना. मी पटकन उठून उभा राह्यलो.

"भाऊ, नानाजी कुठी बसतात?" तिनं विचारलं.

मी सडकेपलीकडं बोट दाखवलं.