चिठ्ठीखालच्या दोन ओळी

वामन दीनानाथ जोशी जालन्यात मस्तगडच्या मराठी वाचनालयात वीस वर्षं होते. पुस्तकं देणं-घेणं, झाडलोट करवून घेणं, फाटलेल्या पुस्तकांची बांधणी करणं, वर्गणी बुडवणाऱ्यांच्या घरी दोनदा जाऊन तिसऱ्यांदा न जाणं, हे सगळं त्यांच्याकडेच. अंगाने किरकोळ, बोलणं कमी. बायको दुर्गाबाई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते सकाळी सातलाच वाचनालय उघडत. इतक्या लवकर कुणी येत नसे. ते येत.

त्यांचा एक रिवाज होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नवं पुस्तक आलं की ते आधी पहिली चार पानं उलटत. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी डकवली तर पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो आणि चिठ्ठी सुटते. नावाच्या पानावर शिक्का मारायचा असतो. त्यापुढचं पान बहुतेक कोरं असतं. मग वाचनालयाचे नियम छापलेली आणि खाली तारखांचे रकाने आखलेली चिठ्ठी ते त्याच पानावर लावत. गव्हाची खळ, किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद. अंगठ्याने कडा दाबायच्या. वीस वर्षांत त्यांची एक चिठ्ठी सुटली नव्हती.

हे खुर्दाद महिन्यात घडलं, निजामी फसली सन तेराशे चौपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंचेचाळीसचा एप्रिल. लढाई संपत आली होती आणि कागद मिळत नव्हता.

अरुंधती कुलकर्णी सकाळी साडेसातला आली. ही मुलींच्या खासगी शाळेत मराठी शिकवायची, पण तात्पुरती. वय बावीस, आईवडील नाहीत. तिने हातातली वही टेबलावर ठेवली.

"वामनकाका, बघा. मागच्या साली नापास केलं ते कशामुळं, ते आता कळलं. वही परत आली."

हैदराबादेतली एक मराठी संस्था साहित्याची परीक्षा घेई. तिच्यात एका कादंबरीवरचा निबंध घरी लिहून पाठवायचा असे. अरुंधतीने 'उगवतीचे दार' या कादंबरीवर लिहिला होता. वामनरावांनी चष्मा लावून शेवटचं पान वाचलं. तांबड्या शाईत लिहिलं होतं: शीर्षकाचा अर्थ एका वाक्यात उरकला आहे. ग्रंथारंभीच्या ओवीचा उल्लेखही नाही. पुस्तक नीट वाचलेले दिसत नाही.

"ओवी?" वामनराव म्हणाले.

"तेच तर. मी पुस्तक तीन वेळा वाचलं. त्यात ओवी न्हाईच. परीक्षकांनीच दुसरं कुठलं तरी वाचलं असंल. यंदाचा निबंध सोमवारच्या टपालानं गेला पाहिजे. हेडमास्तर म्हणाले, यंदा पास झालात तर कायम करतो, न्हाई तर या जागेवर यायला औरंगाबादचे एक गृहस्थ तयार आहेत. मंग मला वडीगोद्रीला बद्रीनाथदादाकडं जाऊन बसावं लागंल. वहिनीनं शेवया करायचा पाट माझ्यासाठी आत्ताच काढून ठेवलाय म्हणं."

"दुसरी कादंबरी घे की."

"परीक्षक तेच असणार. तीच घेऊन दाखवायची आहे मला."

वामनरावांनी कपाटातून 'उगवतीचे दार' काढलं. साऱ्या जालन्यात त्याची ही एकच प्रत. त्यांनी नावाचं पान उलटलं. पुढच्या पानावर त्यांची चिठ्ठी होती, चारी कडा बसलेल्या, तारखांनी भरलेली.

ती चिठ्ठी लावतानाचा दिवस त्यांना स्वच्छ आठवला. पान अगदी कोरं नव्हतं. वरच्या भागात बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. दोन ओळींसाठी एवढं पान कशाला अडवायचं, असं त्यांच्या मनात आलं होतं. नक्षीसारखं काहीतरी असेल. मग त्यांनी अंगठा फिरवला होता.

गप्प राहणं सोपं होतं. पोरीचा परीक्षकांवर राग होता, तो तसाच राहिला असता.

"ओवी आहे," ते म्हणाले. "मी झाकली."

अरुंधतीने चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मला नापास तुम्ही केलं."

"हो."

"मंग आता काढा."

झाडलोट करणारी झुंबरबाई तेवढ्यात आली होती. तिला त्यांनी पाणी आणायला सांगितलं. ओलं फडकं पिळून चिठ्ठीवर ठेवलं, खाली टीपकागद. तारखांची शाई निळी होऊन पसरली. छापाची शाई तेलाची, ती पाण्याने हलत नाही, हे त्यांना माहीत होतं. अर्ध्या घटकेनं खळ सुटली. त्यांनी सुरीच्या पाठीने कड उचलली आणि चिठ्ठी हळूहळू सोलली.

उगवतीला दार माझं, ऊन येतं उंबऱ्याशी
घरी न्हाई बोलायाला, बोलू उन्हाशी मी कशी
— जात्यावरची ओवी

अरुंधतीने ती मोठ्याने वाचली. मग झुंबरबाई म्हणाली, "दळताना म्हणायची हाय व्हय? ही मला ठावं न्हाई. पर अशी ओवी शेवटाला म्हणत्यात."

"शेवटाला कशावरून?" अरुंधतीने विचारलं.

"आवं बाई, पहिली ओवी देवाला. मंग माहेराला, भावाला. अन् मनातलं समदं मागून. ऊन उंबऱ्याला आलं म्हंजी दळण सरलं. जातं थांबलं की बोलणं बी थांबलं. मंग दिवसभर कोण बोलतंय?"

ती केरसुणी घेऊन आतल्या खोलीत गेली. अरुंधतीने तिचे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

कादंबरी अशी होती: रघुपत नावाचा कापडाचा व्यापारी हौसेने घर बांधतो, दार उगवतीला ठेवतो, वाढतो आणि बुडतो. यमुना त्याची बायको. मागच्या निबंधात अरुंधतीने लिहिलं होतं, 'पूर्वेचे दार शुभ मानतात. नायकाच्या वैभवाचे ते प्रतीक असल्याने शीर्षक समर्पक आहे.' तेवढंच.

शनिवारी सकाळी ती नवीन मजकूर घेऊन आली आणि वाचून दाखवू लागली. दोन पानं ओवीवरच होती. स्त्रीजातीचं दुःख, मुकेपणा, जात्याची घरघर. वामनरावांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे. पण ही दोन पानं दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला डकवता येतील. मी डकवणारा माणूस, मला कळतं."

अरुंधतीला हसू आलं नाही. "मंग काय लिहू?"

"मी काही शिकलेला न्हाई तुझ्यासारखा. मला एवढंच सांग, ही ओवी वाचायच्या आधी पुस्तकात तुला काय दिसत होतं, आणि आता काय दिसतं?"

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि पानं उलटू लागली. वामनराव बांधणीच्या शिकंज्यात एक पुस्तक आवळत बसले. बऱ्याच वेळाने ती बोलली.

"काका, दार सगळ्या पुस्तकात तीनदाच येतं. एकदा सुतार बसवतो तेव्हा. एकदा पाहुणे येतात तेव्हा, रघुपत दारात उभा राहतो. दोन्ही वेळा दार बाहेरून दिसतं, त्याच्या नजरेनं."

"आणि ओवीत?"

"आतून. 'दार माझं' म्हणते ती. नावातलं दार कुणाचं ते मी विचारलंच नव्हतं. घर त्यानं बांधलं, म्हणून त्याचंच धरलं." तिने बोटावर मोजलं. "अन् यमुना अडीचशे पानांत सहा वेळा बोलते. सहाच. झुंबरबाई म्हणाली ना, ऊन आलं की बोलणं थांबतं? ओवी संपते, मंग कादंबरी सुरू होते. म्हणजे पुस्तकात पहिलं बोलणं तिचं, आणि नंतर ती गप्प."

"तिसरं दार?"

"शेवटच्या पानावर. तो बुडून परत येतो, ती उंबऱ्यावर उन्हात बसलेली. उठत न्हाई." तिने वाचलं, "'तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.' मी मागं लिहिलं होतं की ती देवाचं नाव घेते."

"घेत असंल."

"असंल की. पण पुस्तकात ती देवापुढं एकदाही बसलेली न्हाई. ओवीत प्रश्न आहे, उन्हाशी बोलू कशी. त्याचं उत्तर इथं असावं, अशी, आवाज न काढता."

"लेखकाच्या मनात तेच होतं कशावरून?"

"ते कसं सांगणार? लेखकाच्या मनातलं लिहीतच न्हाई. पानावर काय आहे ते लिहिते, आणि ओवी समोर ठेवून वाचलं तर ते कसं दिसतं ते लिहिते. प्रार्थनेचंही लिहिते, आणि मला ते का पटत न्हाई तेही." ती थांबली. "सुरुवातीला ओवीवर चारच ओळी. कुठली, कोण म्हणतं, केव्हा म्हणतं. मग नुसती दारं. ओवी पुन्हा एकदम शेवटी, त्या ओठांपाशी."

"आणि ती दोन पानं?"

"फाडते." मग कागदाची टंचाई आठवून म्हणाली, "मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते."

सोमवारी निबंध टपालात पडला. निकाल यायला तीन महिने लागले. तिने वही आणून दाखवली. तांबड्या शाईत एकच वाक्य होतं: ओवी आणि शेवटचे पान यांचा संबंध पुराव्यानिशी दाखवला आहे, उत्तीर्ण. हेडमास्तरांनी तिला पुढच्या महिन्यापासून कायम केलं. वडीगोद्रीचा पाट, ती म्हणाली, परत माळ्यावर गेला.

"तुमचं नाव निबंधात घातलं न्हाई काका. झुंबरबाईचं घातलं. 'जात्याची माहिती देणाऱ्या बाई' म्हणून."

"बराबर केलंस."

वामनरावांनी त्या तीन महिन्यांत एक काम काढलं होतं. कपाटांत त्यांच्या चिठ्ठीची चारशेच्या वर पुस्तकं होती. रोज सकाळी ते पाच-सहा पुस्तकांच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने सोडवत. बहुतेक पानं खरोखरच कोरी निघाली. अकरा पुस्तकांत काही ना काही होतं. कुठे अभंगाचा चरण, कुठे 'आईस' एवढाच शब्द. वाचनालयाची माणसं वीस वर्षं ही पुस्तकं वाचत होती, त्यांच्यावर वाद घालत होती. त्यांना ते कधी दिसलं नव्हतं, आणि काही चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. नवी चिठ्ठी ते आता मागच्या पुठ्ठ्याच्या आत लावत. ती पावसाळ्यात सुटायची. मग ते पुन्हा लावत.

'उगवतीचे दार' त्यांनी एकदा घरी नेलं. अरुंधतीने सांगितलं तसं आधी ओवी वाचली आणि मग शेवटचं पान. पुस्तक मांडीवर ठेवून बसले.

दुर्गाबाई तीस वर्षं पहाटे दळायची. पहिली ओवी त्यांना पाठ होती, देवाची. ती सुरू झाली की ते कूस बदलत आणि पुन्हा झोपत. मधल्या माहेराच्या ओव्या झोपेतून तुटक ऐकू येत. शेवटची कुठली, ते त्यांनी खूप आठवून पाहिलं. आठवेना. जातं थांबलं की त्यांना जाग यायची.